‘मुलांनाही लाजवेल’ हे वाक्य काढलं, तेव्हा बातमीत काय उरलं

धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी झालेल्या खो-खो स्पर्धेतल्या महिलांच्या सामन्यांच्या वार्तांकनाचं हे प्रकरण आहे. गाव, संघ, दैनिक आणि माणसं यांची नावं दिलेली नाहीत. मी तेव्हा त्या दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात क्रीडा पान बघत होतो.

पार्श्वभूमी

धाराशिवला खो-खो कुणाला समजावून सांगावा लागत नाही. 2016 च्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार सारिका काळे याच जिल्ह्यातली, आणि 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा गावोगावच्या मैदानांवर नव्या मुली दिसू लागल्या. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. महिलांच्या अंतिम सामन्यात भारताने नेपाळला 78-40 असं हरवलं. त्या संघाची कर्णधार प्रियांका इंगळे मूळची शेजारच्या बीड जिल्ह्यातली. त्यामुळे मैदानाभोवती बसणारा आमचा वाचक खेळ जाणणारा आहे. कोण कुठं चुकलं, हे त्याला आपल्याआधी कळतं.

स्पर्धा तीन दिवसांची होती, शुक्रवार ते रविवार. बातम्या पाठवणारे आमचे तालुका वार्ताहर पन्नाशीचे. त्यांना सगळा तालुका मामा म्हणतो, मीही. मामा म्हणजे दुष्काळ, बाजार समिती, अपघात, ऊरूस आणि खेळ, सगळं एकाच माणसाकडे. मानधन फार नाही. बातमी मोबाइलवर टाइप करून पाठवायची, जिल्हा पान साडेनऊला सोडायचं.

अडचण

शनिवारच्या उपांत्य सामन्याची बातमी रविवारी सकाळी छापून आली. नऊ वाजता यजमान संघाच्या प्रशिक्षक मॅडमचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, उलट थकलेला वाटला.

“सर, गुण बरोबर छापलेत. पण आम्ही जिंकलो कसे, ते कुठंच नाही. माझ्या कर्णधाराबद्दल चार ओळी आहेत, अन् चारही ओळींत मुलंच आहेत.”

मी अंक उघडला. बातमीत होतं: ‘यजमान मुलींनी मुलांनाही लाजवेल असा खेळ करत 12-10 असा विजय मिळवला. कर्णधाराने पुरुषी ताकदीने मारलेला सूर पाहून प्रेक्षक अवाक झाले. मुलांच्या तोडीस तोड चपळाई दाखवत तिने मैदान गाजवले. जणू मुलांचाच सामना सुरू आहे, असे वाटत होते.’ पुढे उद्घाटक, प्रमुख पाहुणे, सरपंच, शाळेचे मुख्याध्यापक.

ही बातमी आदल्या रात्री मीच वाचून सोडली होती. ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त केलं, एका पाहुण्याचं आडनाव तपासलं आणि पान लावलं. मला त्यात काही खटकलं नव्हतं. मामांपेक्षा ही चूक माझी जास्त, कारण ते मैदानात उन्हात होते आणि मी खुर्चीत.

फोन ठेवल्यावर एक प्रयोग केला. बातमीतून मुलांचा उल्लेख असलेली प्रत्येक वाक्यरचना पेन्सिलीने खोडली. उरलं ते एवढंच: यजमान संघ 12-10 असा जिंकला आणि पाहुणे उपस्थित होते. सूर कुणी, कोणत्या डावात, कुठं मारला. समोरचा संघ दहा गुणांवर का थांबला. सामना कधी फिरला. यातलं काहीच नव्हतं. ‘मुलांनाही लाजवेल’ हे शब्द खेळाच्या वर्णनाच्या शेजारी बसले नव्हते, त्यांनी वर्णनाचीच जागा घेतली होती. ‘पुरुषी ताकदीने मारलेला सूर’ वाचून वाचकाला सुराबद्दल काहीही कळत नाही. तो पाटीवरून उठताक्षणी मारला की खांबाला वळसा घेताना, हेसुद्धा नाही.

समोरचे पर्याय

अंतिम सामना त्याच दिवशी संध्याकाळी साडेपाचला होता. म्हणजे ठरवायला माझ्याकडे सकाळच होती.

पहिला पर्याय सोपा होता. मामांना काही सांगायचं नाही, रात्री बातमी आली की असे शब्द मी गाळायचे. पण पेन्सिलीचा प्रयोग नुकताच केला होता. गाळल्यावर दोन ओळी उरल्या तर त्या जागेत मी काय लिहिणार? सामना न बघता लिहिणारा मी आणखी एक झालो असतो.

दुसरा पर्याय आमच्या संपादकांनी सुचवला. चालणार नाहीत अशा शब्दांची यादी करून सगळ्या वार्ताहरांना पाठवायची. मी अर्धी यादी केलीसुद्धा: मर्दानी, पुरुषी, तोडीस तोड, लाजवेल. मग लक्षात आलं की यादीबाहेर ‘रणरागिणी’, ‘वाघिणी’, ‘लेकींची कमाल’ हे सगळे रांगेत उभे आहेत. एकाला दार लावलं की दुसरा आत येणार, आणि सूर कुठं मारला ते तरीही कळणार नाही.

यादी करतानाच ‘गडी’ या शब्दापाशी अडलो. मराठीत क्रिकेट असो की खो-खो, बाद होतो तो गडीच. क्रिकेटच्या नियमावलीतून ‘बॅट्समन’ जाऊन ‘बॅटर’ यायला सप्टेंबर 2021 उजाडलं. आपल्या ‘फलंदाज’ला तो त्रास कधीच नव्हता, आणि क्रियापद सांगतंच की ती बाद झाली. पण ‘तिसरा गडी’ म्हटलं की तिथं पुरुष येऊन बसतो, असं मला वाटत होतं. दुपारी मॅडमना विचारलं तर त्या हसल्या. “गडी राहू द्या हो. मुली मैदानात स्वतःलाच गडी म्हणून ओरडतात. आमची तक्रार त्या शब्दाची नाही.” मी तरी बातमीत ‘खेळाडू’ लिहायचं ठरवलं, पण ‘गडी’ला चूक म्हणायचं नाही. यावर आमच्या कार्यालयात आजही दोन मतं आहेत.

तिसरा पर्याय म्हणजे जाऊन मामांच्या शेजारी बसणं. रविवार माझ्या सुटीचा होता. दुपारची एसटी पकडली.

एसटीत बसेपर्यंत माझी समजूत अशी होती की मामांना खो-खो कळत नाही, किंवा ते बक्षीस समारंभालाच पोहोचतात. दोन्ही चूक निघालं. मामा शाळेत असताना जिल्ह्याकडून खेळले होते. शनिवारचा सामना त्यांनी शिट्टी ते शिट्टी पाहिला होता. उपांत्य सामन्याचं विचारलं तर चहाच्या टपरीवर त्यांनी मला दहा मिनिटं न थांबता डाव उलगडून सांगितला: पाहुण्या संघाची तिघींची दुसरी तुकडी दीड मिनिटात कशी गेली, कुणाचा खो उशिरा आला.

“मग हे लिहिलं का नाही?”

“हे काय लिहायचं? हे तर सगळ्यांनी बघितलंच की. पेपरात जरा भारी भाषा पाहिजे ना.”

प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वळण मला हे वाटतं. मामांच्या लेखी टपरीवरचं बोलणं म्हणजे गप्पा, आणि ‘पुरुषी ताकद’ म्हणजे साहित्य. मुलींना कमी लेखावं असं त्यांच्या मनात अजिबात नव्हतं. कौतुक करायचं तर मोठ्या मापानं करायचं, आणि मोठं माप म्हणून त्यांच्या हाताशी मुलांचा खेळ होता. त्यांना खेळ शिकवायची गरज नव्हती. टपरीवरचं बोलणं बातमीत चालतं, एवढंच पटवायचं होतं.

रविवारची संध्याकाळ

आम्ही गुणलेखकाच्या टेबलामागे बसलो. मामांच्या वहीच्या पानावर चार रकाने आखले: वेळ, कोण, कुठं, कसं. नियम एकच. कुणी बाद झालं की चारही रकाने भरायचे, विशेषण नाही. डाव संपला की गुणपत्रकाचा फोटो काढून घ्यायचा, म्हणजे वेळा आणि नावं नंतर ताडून बघता येतात. ही गोष्ट लहान वाटते, पण शनिवारच्या बातमीत एका मुलीचं आडनाव चुकलं होतं, ते इथंच पकडलं गेलं असतं.

स्पर्धा जुन्या पद्धतीची, 9 मिनिटांचे डाव, प्रत्येक बादला एक गुण. पाहुण्यांनी नाणेफेक जिंकून संरक्षण घेतलं. यजमानांनी पहिल्या आक्रमणात 9 गुण घेतले, पाहुण्यांनी उत्तरात 6. मध्यंतराला 9-6. दुसऱ्या आक्रमणात यजमानांना फक्त 4 मिळाले. एकूण 13. म्हणजे पाहुण्यांना शेवटच्या 9 मिनिटांत जिंकायला 8 गुण हवे होते, बरोबरीला 7.

पहिल्याच डावातली एक नोंद सांगतो. यजमानांची कर्णधार आक्रमणात होती आणि तिनं खांबाजवळ एक खेळाडू टिपली. मामांनी ‘कसं’च्या रकान्यात सवयीनं ‘मुलासार’ इथवर लिहिलं, थांबले, खोडलं. माझ्याकडे बघून म्हणाले, “मग काय लिहू?”

“काय दिसलं?”

“खांबाला डाव्या हातानं धरलं तिनं. पाय आतच ठेवले, अंग पूर्ण बाहेर लांबवलं, अन् उजव्या हाताची नुसती बोटं लागली तिच्या पाठीला. ती पलीकडून वळणार म्हणून हिनं आधीच ओळखलं होतं.”

“तेच लिहा.”

“एवढं मोठं?”

“एवढं मोठं.”

शेवटच्या डावात यजमानांची पहिली तुकडी संरक्षणाला उतरली, त्यात कर्णधार होती. बसलेल्या आठ जणींच्या मधून ती एकीआड एक साखळी करत निघाली. आक्रमण करणारीला एकदा घेतलेली दिशा बदलता येत नाही आणि मधून पलीकडे जाता येत नाही. पळणारी बाजू बदलते तेव्हा आक्रमण करणारीला खो द्यावा लागतो, नाहीतर खांबाला वळसा घालावा लागतो. त्यामुळे साखळी नीट जमली की पळणारीपेक्षा खो देणाऱ्याच जास्त दमतात. पाहुण्यांच्या तीन मुली खो मिळण्याआधीच उठल्या. प्रत्येक वेळी पंचांची शिट्टी, आक्रमण करणारी उलट्या दिशेला, आणि तेवढे सेकंद पळतीच्या खात्यात. ती तुकडी 4 मिनिटं 50 सेकंद टिकली, कर्णधार सर्वांत शेवटी बाद झाली. उरलेल्या 4 मिनिटं 10 सेकंदांत पाहुण्यांना आणखी 5 बळी हवे होते, मिळाले 2. सामना 13-11.

बातमी आम्ही तिथंच, दिव्याच्या खांबाखाली उभं राहून लिहिली. मामा बोलत होते, मी टाइप करत होतो. सुरुवात अशी झाली: ‘विजयासाठी पाहुण्यांना शेवटच्या 9 मिनिटांत 8 गुण हवे होते. यजमानांच्या पहिल्या तुकडीने त्यातली 4 मिनिटे 50 सेकंद खाल्ली आणि सामना तिथेच फिरला.’ पुढं साखळी, तीन चुकीचे खो, मग खांबाजवळचा तो बळी मामांच्याच शब्दांत. पाहुण्या संघालाही जागा होती. त्यांनी यजमानांना दुसऱ्या आक्रमणात 4 गुणांवर रोखलं म्हणूनच सामना शेवटपर्यंत जिवंत राहिला, हे हरलेल्या संघाचं काम बातमीत सहसा येत नाही.

एक प्रस्ताव मामांनी आणला. कर्णधाराला ‘दुसरी सारिका काळे’ म्हणायचं. तुलना बाईशीच आहे, जिल्ह्याचीच आहे, मग काय हरकत? मला क्षणभर पटलं. पण लिहून बघितलं तर वाक्य सारिकाबद्दल झालं आणि समोरची मुलगी दुसऱ्या नंबरवर गेली. दोघींच्या पळण्यात सारखं काय आहे, असं विचारल्यावर मामांकडे उत्तर नव्हतं. ते काढलं. तुलना हवीच होती, ती तिच्या शनिवारच्या खेळाशी केली: उपांत्य सामन्यात ती पहिली बाद झाली होती, आज तुकडीत शेवटची.

त्याच मैदानावर त्याआधी पुरुषांचा अंतिम सामनाही झाला होता. त्याची वेगळी बातमी केली. एकाच बातमीत ‘पुरुषांत अमुक, तर महिलांमध्येही तमुक’ असं जोडलं की तो ‘ही’ आपोआप येतो, आणि वाचताना दुसरं वाक्य पहिल्याच्या मापानं मोजलं जातं.

छापून काय आलं

बातमी साधारण दोनशे शब्दांची झाली आणि जवळपास तशीच छापली गेली. वर मथळा मात्र होता: ‘रणरागिणींनी मैदान मारले’. मथळा मुख्य कार्यालयात पडतो. मी बातमी पाठवली, मथळा सुचवला नव्हता. फोटोही बक्षीस समारंभाचाच आला, पाहुणे पुढे आणि मुली मागे.

सोमवारी दोन फोन आले. एक मॅडमचा. त्यांनी मथळ्याचा विषय काढलाच नाही. म्हणाल्या, पाहुण्या संघाच्या प्रशिक्षकांनी ते कात्रण मागून नेलं, कारण तीन चुकीच्या खोंची नोंद त्यांच्या मुलींना दाखवायची होती. दुसरा फोन एका प्रमुख पाहुण्याच्या कार्यकर्त्याचा. साहेबांचं नाव शेवटच्या ओळीत का गेलं, यावर तो बराच वेळ बोलला. मामांना तालुक्यात त्याच माणसाकडे उद्या दुसऱ्या बातमीसाठी जायचं असतं, हे मी विसरून चाललो होतो. पुढच्या वेळी पाहुण्यांची नावं फोटोओळीत द्यायची, असं आम्ही ठरवलं आणि तो प्रश्न तेवढ्यापुरता मिटला.

दोन महिन्यांनी शालेय मुलींच्या एका कबड्डी सामन्याची बातमी मामांकडून आली. पहिल्याच ओळीत ‘मुलांच्या तोडीस तोड’. मी फोन केला. त्या दिवशी तालुक्यात एक अपघात झाला होता, मामा मैदानावर पोहोचले तेव्हा ढाल हातात देणं चालू होतं. बातमी मी तीन ओळींत छापली: कोण जिंकलं, किती गुणांनी, कुठं. तुलना काढून उरलं तेवढंच. ज्या दिवशी वहीतले रकाने भरलेले असतात, त्या दिवशी मामांच्या बातमीत मुलं येत नाहीत. रकाने कोरे असले की येतात.

वेगळं काय करता आलं असतं

मथळा आणि फोटो बातमीसोबतच पाठवायला हवे होते. ‘साखळीने 4 मिनिटे 50 सेकंद खाल्ली’ असा मथळा मी सुचवला असता तर मुख्य कार्यालयानं तो नक्की घेतला असता असं नाही, पण कोरी जागा मिळाल्यावर ‘रणरागिणी’ येणारच होती. खेळताना काढलेले फोटो मामांच्या मोबाइलमध्ये होते. अंधुक होते म्हणून आम्ही ते पाठवलेच नाहीत. एक त्यातल्या त्यात बरा होता.

मोठी चूक मुलाखतीची. सामना संपल्यावर मामांनी कर्णधाराला विचारलं, “भावासोबत खेळून शिकलीस का गं?” बातमीतून तुलना काढण्यात आम्ही इतके गुंतलो होतो की प्रश्नातली आम्हाला ऐकूच आली नाही. तिनं सरळ उत्तर दिलं, “नाही मामा, भाऊ क्रिकेट खेळतो.” आम्ही हसलो आणि बातमी लिहायला वळलो.

साडेनऊला पान सुटल्यावर, शेवटच्या एसटीची वाट बघत असताना, ती मैत्रिणींसोबत स्टँडवर भेटली. तेव्हा मी विचारलं की शेवटच्या डावात ती सारखी एकाच टोकाला का वळत होती.

“दोन नंबरच्या पाटीवरची त्यांची मुलगी उठायला उशीर करती, सर. पहिल्या डावातच बघितलं होतं. म्हणून मी मुद्दाम तिच्याजवळूनच वळत होते. मग त्यांच्या मॅडम ओरडल्या, लवकर उठा, लवकर उठा. ती काही उठली नाही, पण बाकीच्या घाईला आल्या अन् खोच्या आधीच उठायला लागल्या.”

आमच्या बातमीत त्या तीन चुकीच्या खोंचं कारण ‘पाहुण्यांची घाई’ असं गेलं होतं. पान तोवर छपाईला गेलं होतं.